एका हीट कर्नलचा हिशोब: अडतंय कुठे, आकडेमोडीत की मेमरीत?

समजा तुम्ही ग्राफिक्स कार्डावर चालणारा पहिला मोठा प्रोग्रॅम, म्हणजे कुडा कर्नल, लिहिलात. उत्तरं बरोबर येतात, पण प्रोफाइलर सांगतो की कार्डाच्या कमाल वेगाच्या जेमतेम सात टक्के वेग मिळतोय. बहुतेक नवे लोक इथे आकडेमोडीच्या मागे लागतात. भागाकार काढून गुणाकार घालतात, लूप उलगडतात, कंपायलरचे फ्लॅग बदलून बघतात. वेळ मात्र तसूभरही कमी होत नाही. कारण तो कर्नल आकडेमोडीसाठी थांबलेलाच नसतो. तो मेमरीतून येणाऱ्या डेटाची वाट बघत असतो, आणि सात टक्के हाच त्याचा जवळजवळ कमाल वेग असतो.

हे आधी कागदावर ठरवता येतं आणि मग मोजून पक्कं करता येतं. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: त्रिमितीय ठोकळ्यात उष्णता कशी पसरते याचं सिम्युलेशन. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान त्याच्या स्वतःच्या आणि सहा शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानावरून काढायचं. कार्ड एनव्हिडियाचं ए100, 40 जीबीचं. पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात ए100 कार्डंच आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा या कार्डाशी कधी ना कधी संबंध येतो. तुमचं कार्ड वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पायरी 1: कार्डाचे दोन आकडे काढा

पहिला आकडा आकडेमोडीचा. ए100 मध्ये 108 एसएम, म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र विभाग, आहेत. प्रत्येकात एफपी32 चे, म्हणजे 32 बिटांच्या दशांश आकड्यांचे, 64 कोअर, आणि प्रत्येक कोअर एका क्लॉकमध्ये एक एफएमए करतो, म्हणजे एक गुणाकार आणि एक बेरीज एकदम. ते दोन फ्लॉप, म्हणजे दशांश आकड्यांवरच्या दोन क्रिया, धरले जातात. क्लॉक 1.41 गिगाहर्ट्झ. सगळ्याचा गुणाकार केला की सेकंदाला 19.5 टेराफ्लॉप येतात.

दुसरा आकडा मेमरीचा. मेमरी बस 5120 बिटांची, म्हणजे एका वेळी 640 बाइट. मेमरीचं क्लॉक 1215 मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक क्लॉकला दोन वेळा डेटा. गुणाकार येतो सेकंदाला 1555 जीबी.

हा दुसरा आकडा कागदावरचा आहे. प्रत्यक्षात साधी कॉपीसुद्धा तिथपर्यंत पोचत नाही, कारण मेमरीला मधूनमधून रिफ्रेश करावं लागतं, आणि वाचनाकडून लेखनाकडे वळतानाही वेळ जातो. म्हणून एक मोठा अॅरे दुसऱ्यात कॉपी करून तुमच्या कार्डाचा खरा आकडा काढा. अॅरे किमान काहीशे एमबीचा हवा. हिशोबात बाइट दोनदा धरायचे, कारण कॉपीत प्रत्येक बाइट एकदा वाचला जातो आणि एकदा लिहिला जातो. हे विसरलं तर बँडविड्थ निम्मी दिसते, आणि मग पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. कागदावरच्या आकड्याच्या 85 ते 90 टक्के मिळाले तर कार्ड ठीक आहे. इथून पुढे आपण मोजलेला आकडा 1400 जीबी प्रति सेकंद धरू.

पायरी 2: फ्लॉप मोजा

```
__global__ void heat(const float *u, float *v,
                     int nx, int ny, int nz,
                     float a, float b)
{
    int i = blockIdx.x * blockDim.x + threadIdx.x;
    int j = blockIdx.y * blockDim.y + threadIdx.y;
    int k = blockIdx.z;
    if (i < 1 || j < 1 || k < 1 ||
        i >= nx-1 || j >= ny-1 || k >= nz-1) return;
    int p = i + nx * (j + ny * k);
    v[p] = a * u[p] + b * (u[p-1] + u[p+1]
         + u[p-nx] + u[p+nx]
         + u[p-nx*ny] + u[p+nx*ny]);
}
```

कंसातल्या सहा शेजाऱ्यांच्या पाच बेरजा, दोन गुणाकार आणि शेवटची एक बेरीज. एका बिंदूमागे 8 फ्लॉप. `p` काढताना होणारी पूर्णांकांची गणितं यात धरायची नाहीत. ती दुसऱ्या प्रकारचं काम आहे.

इथे एक बारकावा आहे. 19.5 टेराफ्लॉप हा आकडा प्रत्येक सूचना एफएमए असेल तरच खरा. आपल्या कर्नलमध्ये पाच सुट्या बेरजा, एक सुटा गुणाकार आणि एकच एफएमए होतो, म्हणजे 7 सूचनांमध्ये 8 फ्लॉप. त्या सातही एफएमए असत्या तर 14 झाले असते. म्हणून या कर्नलसाठी आकडेमोडीचं खरं छत, म्हणजे खरा कमाल वेग, 19.5 चे 8/14, म्हणजे सुमारे 11.1 टेराफ्लॉप. पुढे दिसेल की आपला निर्णय याने बदलत नाही, पण जिथे मेमरीची आणि आकडेमोडीची वेळ जवळजवळ सारखी असते तिथे बदलू शकतो.

पायरी 3: बाइट मोजा, आणि इथे घाई करू नका

सगळी पद्धत याच पायरीवर उभी आहे. फ्लॉप कोडकडे बघून मोजता येतात. बाइट तसे मोजता येत नाहीत, कारण कोडमध्ये दिसणारं प्रत्येक वाचन मुख्य मेमरीपर्यंत जातंच असं नाही.

कोडमध्ये `u` मधून सात वाचनं आणि `v` मध्ये एक लेखन दिसतं. प्रत्येकी 4 बाइट धरून 32 बाइट. कॅशे अजिबात नसती तर एवढे लागले असते. दुसरं टोक असं: `u` चा प्रत्येक आकडा मुख्य मेमरीतून फक्त एकदाच आला आणि उरलेल्या सहा वेळा कॅशेतून मिळाला. तेव्हा एका बिंदूमागे एक वाचन आणि एक लेखन, म्हणजे 8 बाइट. याहून कमी शक्य नाही, कारण सगळा जुना अॅरे वाचायचाच आहे आणि सगळा नवा अॅरे लिहायचाच आहे.

अरिथमेटिक इंटेन्सिटी म्हणजे दर बाइटमागे किती फ्लॉप होतात ते. आपली इंटेन्सिटी वाईट टोकाला 8/32, म्हणजे 0.25, आणि चांगल्या टोकाला 8/8, म्हणजे 1. यातली कोणती खरी?

ते कॅशेत काय मावतं यावर ठरतं. ठोकळा 512×512×512 चा असेल तर एका थराचे, म्हणजे एका `k` चे, 512×512×4 बाइट होतात: 1 एमबी. एखाद्या थराचं काम चालू असताना खालचा, मधला आणि वरचा असे तीन थर हाताशी लागतात, म्हणजे 3 एमबी. ए100 ची एल2 कॅशे 40 एमबीची आहे. तीन थर तिथे आरामात राहतात, त्यामुळे 8 बाइटचा अंदाज धरायला हरकत नाही.

पायरी 4: दोन वेळा काढा, मोठी ती खरी

आलेखाने सुरुवात करण्यापेक्षा नव्या माणसाने आधी आकडेमोडीची आणि मेमरीची अशा दोन वेळा काढाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. ठोकळ्यात 13.42 कोटी बिंदू आहेत. त्यांचे एकूण फ्लॉप 1.07 अब्ज, 11.1 टेराफ्लॉपच्या वेगाने त्यांना 0.10 मिलिसेकंद लागतील. एकूण बाइट 1.07 अब्ज, 1400 जीबीच्या वेगाने त्यांना 0.77 मिलिसेकंद लागतील. कार्ड ही दोन्ही कामं एकाच वेळी करतं, म्हणून कर्नलला निदान मोठ्या वेळेएवढा वेळ लागणारच. मोठी वेळ मेमरीची आहे, म्हणून कर्नल मेमरी-बाउंड. आणि 0.77 मिलिसेकंद ही त्याची खालची मर्यादा. आकडेमोड फुकट झाली तरी याहून वेगाने तो धावणार नाही.

हीच गोष्ट बर्कलीच्या सॅम्युअल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 2009 मध्ये रूफलाइन या नावाने एका आलेखात मांडली:

```
P = min(P_peak, I * B)
```

`I` ही इंटेन्सिटी, `B` ही बँडविड्थ. आलेखाच्या डाव्या भागात छत तिरकं चढत जातं, तो बँडविड्थचा भाग. उजवीकडे ते सपाट होतं, तो आकडेमोडीचा भाग. दोन्ही जिथे जुळतात त्या सांध्याची इंटेन्सिटी ए100 च्या कागदावरच्या आकड्यांनुसार 19.5 टेराफ्लॉप भागिले 1555 जीबी, म्हणजे दर बाइटमागे सुमारे 12.5 फ्लॉप. आपला कर्नल 1 वर आहे, सांध्याच्या पुष्कळ डावीकडे. तिथे छताची उंची 1400 गिगाफ्लॉप, म्हणजे 19.5 टेराफ्लॉपच्या सात टक्के. सुरुवातीचे सात टक्के ते हेच.

सांधा कार्डाचा एकच नसतो हेही ध्यानात ठेवा. याच कार्डावर एफपी64 चा कमाल वेग 9.7 टेराफ्लॉप आहे, म्हणून सांधा सव्वासहाच्या आसपास येतो. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी असलेल्या टेन्सर कोअरवर एफपी16 चे 312 टेराफ्लॉप मिळतात, तिथे तो 200 वर जातो. एखादा कर्नल मेमरी-बाउंड आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. कोणत्या प्रिसिजनमध्ये आणि कोणत्या युनिटवर, तेही सांगावं लागतं.

पायरी 5: वेळ मोजा, आणि बाइटसुद्धा मोजा

कर्नल काही वेळा नुसता चालवून घ्या, मग `cudaEvent` वापरून शंभरेक फेऱ्यांची सरासरी वेळ काढा. समजा ती 0.80 मिलिसेकंद आली. 1.07 जीबी भागिले 0.80 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला 1342 जीबी, मोजलेल्या छताच्या 96 टक्के. इथे काम संपलं. या रूपात कर्नलमध्ये पिळून काढण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता समजा वेळ 1.60 मिलिसेकंद आली. ही परिस्थिती जास्त शिकवते. नुसत्या वेळेवरून दोन अगदी वेगळ्या शक्यता निघतात. एक, मेमरी पूर्ण वेगाने चालू आहे पण आपण धरले त्याच्या दुप्पट बाइट ये-जा करताहेत. दोन, बाइट बरोबर आहेत पण मेमरी अर्ध्या वेगानेच चालते आहे. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून बाइट मोजावेच लागतात:

```
ncu --kernel-name heat --launch-skip 5 --launch-count 1 \
    --clock-control none \
    --metrics dram__bytes_read.sum,dram__bytes_write.sum,gpu__time_duration.sum \
    ./heat
```

`--clock-control none` मुद्दाम दिलं आहे. ते नसेल तर `ncu` कार्डाचं क्लॉक बेस वेगावर बांधून ठेवतो आणि त्याने दिलेली वेळ तुमच्या टायमरशी जुळत नाही.

वाचलेले आणि लिहिलेले बाइट मिळून 2.1 जीबी आले तर पहिली शक्यता खरी. कर्नल मेमरी-बाउंडच आहे, फक्त त्याची खरी इंटेन्सिटी 1 नसून 0.5 आहे. आता जास्तीचे बाइट कुठून आले ते शोधायचं. पहिला संशयित म्हणजे थ्रेडची मांडणी. `threadIdx.x` हा `i` शी जोडलेला हवा, म्हणजे शेजारचे थ्रेड शेजारच्या पत्त्यांवर जातात. चुकून तो `k` शी जोडला गेला तर प्रत्येक थ्रेड आपल्या 4 बाइटसाठी 32 बाइटचा पूर्ण सेक्टर ओढून आणतो, आणि त्यातलं उरलेलं कॅशेतून हुसकलं जाण्याआधी वापरलं जाईल याची खात्री नसते.

बाइट 1.07 जीबीच आले तर दुसरी शक्यता. मेमरी रिकामी बसली आहे, आकडेमोडही रिकामी बसली आहे, आणि तरी वेळ जातोय. याला ना मेमरी-बाउंड म्हणता येतं ना कम्प्युट-बाउंड. हा विलंबावर अडलेला कर्नल. मेमरीकडे केलेली एक मागणी पुरी व्हायला समजा 500 नॅनोसेकंद लागतात. सेकंदाला 1555 जीबी हव्या असतील तर तेवढ्या काळात सुमारे 780 केबी डेटा सतत वाटेत असायला हवा. 108 एसएममध्ये वाटला तर प्रत्येकी सव्वासात केबी. एसएमवर जास्तीत जास्त 2048 थ्रेड राहतात, आणि प्रत्येकाची 4 बाइटची एकच मागणी वाटेत असेल तर होतात 8 केबी. म्हणजे थोडेच थ्रेड जागे असतील तर पाइप भरतच नाही. म्हणून एका एसएमवर किती थ्रेड प्रत्यक्षात बसताहेत ते बघा, रजिस्टर जास्त लागल्यामुळे ती संख्या घटली आहे का ते बघा, किंवा एका थ्रेडला दोन-तीन बिंदू देऊन त्याच्याकडून एकाच वेळी जास्त मागण्या जाऊ द्या.

मोजणीत आणखी एक फसगत होते. ठोकळा 128×128×128 चा घेतला तर दोन्ही अॅरे मिळून 16 एमबी होतात आणि पूर्ण एल2 मध्ये राहतात. मग टायमरवरून काढलेली बँडविड्थ 1555 च्याही वर जाऊ शकते. कागदावरच्या कमालीपेक्षा मोठा आकडा दिसला की समजावं, आपण मुख्य मेमरी मोजतच नाही, कॅशे मोजतो आहोत.

निष्कर्षाची उलटतपासणी

प्रोफाइलर हाताशी नसेल तर दोन प्रयोग पुरतात. पहिला, कार्डाचं क्लॉक थोडं खाली बांधा. त्यासाठी अॅडमिनचे अधिकार लागतात:

```
sudo nvidia-smi -lgc 1110,1110
sudo nvidia-smi -rgc
```

पहिली आज्ञा क्लॉक बांधते, दुसरी मोकळं करते. आकडेमोडीचा वेग एकवीस टक्क्यांनी उतरला आणि तरी वेळ जवळपास तीच राहिली, तर कर्नल मेमरीवर अडलेला आहे. क्लॉक फार खाली मात्र नेऊ नका. एल2 आणि मागण्या पाठवणारे एसएमसुद्धा याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे एका मर्यादेनंतर मेमरी-बाउंड कर्नलही मंदावतो.

दुसरा प्रयोग, सगळे `float` काढून `double` करा. फ्लॉप तेवढेच राहतात, बाइट दुप्पट होतात. वेळही दुप्पट झाली तर ते मेमरीच्या बाजूने बोलतं. पण ए100 वर एफपी64 चा वेग एफपी32 च्या अर्धाच असल्यामुळे कम्प्युट-बाउंड कर्नलही दुप्पट वेळ घेतो. म्हणून या कार्डावर हा प्रयोग एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. क्लॉकचा प्रयोग जास्त भरवशाचा.

ठोकळ्याचा आकार बदलला तर

तोच कर्नल 4096×4096×96 च्या ठोकळ्यावर चालवा. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. पण आता एकच थर 64 एमबीचा आहे आणि 40 एमबीच्या एल2 मध्ये तो मावत नाही. ब्लॉक साधारणपणे आधी `x`, मग `y` आणि शेवटी `z` या क्रमाने सुटतात, म्हणून एक पूर्ण थर संपेपर्यंत खालच्या थराचे आकडे कॅशेतून निघून गेलेले असतात. `u` चा प्रत्येक आकडा मुख्य मेमरीतून तीनदा येतो: एकदा वरचा शेजारी म्हणून, एकदा स्वतः, एकदा खालचा शेजारी म्हणून. तीन वाचनं आणि एक लेखन मिळून 16 बाइट, म्हणजे इंटेन्सिटी 0.5, आणि छत निम्म्यावर. इंटेन्सिटी कोडची नसते. कोड, डेटाचा आकार आणि कॅशे या तिघांची मिळून असते. यावरचा साधा उपाय म्हणजे एका ब्लॉकने `x`-`y` चा लहान तुकडा घेऊन `k` च्या दिशेने स्वतःच चालत जायचं, म्हणजे तिन्ही थरांतली तुकड्यापुरती माहिती जवळच राहते आणि बाइट पुन्हा 8 च्या आसपास येतात.

हाच हिशोब सीपीयूवर करत असाल तर एक फरक आहे. सीपीयूची कॅशे सहसा लिहिण्याआधी ती ओळ मेमरीतून वाचून आणते, म्हणून `v` चे 4 बाइट लिहिण्यासाठी 4 बाइट वाचलेही जातात. किमान बाइट 8 ऐवजी 12 धरा, किंवा कॅशे टाळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या सूचना वापरा.

मेमरी-बाउंड निघाला, आता काय?

512 च्या ठोकळ्यावर आपण 8 बाइट आणि 0.77 मिलिसेकंदांच्या तळाला टेकलो. एका टप्प्यासाठी याखाली जाता येत नाही. वाट एकच उरते: एकदा आणलेल्या डेटावर दोन किंवा जास्त टाइम-स्टेप करून मगच तो परत लिहायचा.

32×32 चा तुकडा घेऊन एकदम दोन स्टेप करायच्या तर कडेला दोन-दोन बिंदू जास्तीचे वाचावे लागतात. 36×36, म्हणजे वाचन 1.27 पट. एका बिंदूमागे फार तर 9.1 बाइट आणि कामाचे 16 फ्लॉप, इंटेन्सिटी 1.8 च्या जवळ. 1400 जीबीने दर स्टेपला 0.43 मिलिसेकंद. चार स्टेप केल्या तर 40×40 वाचावं लागतं; 10.25 बाइटमागे 32 फ्लॉप, इंटेन्सिटी 3.1, दर स्टेपला 0.25 मिलिसेकंद. प्रत्येक वाढीव स्टेपबरोबर कड रुंदावते आणि कडेवर तीच आकडेमोड पुन्हा करावी लागते, म्हणून फायदा घटत जातो.

चार स्टेपनंतर मेमरीचं छत सुमारे 4.4 टेराफ्लॉपवर गेलेलं असतं, आणि आता दुसरंच छत जवळ येतं: शेअर्ड मेमरीचं. एक एसएम एका क्लॉकला 128 बाइट देतो. 108 एसएम मिळून सेकंदाला 19.5 टीबी. सातही आकडे शेअर्ड मेमरीतून वाचले आणि नवा आकडा तिथेच लिहिला तर 32 बाइटमागे 8 फ्लॉप, म्हणजे छत 4.9 टेराफ्लॉप, आणि कडेवरचं दुबार काम त्यातूनच वजा होतं. म्हणून `k` च्या दिशेचे तिन्ही आकडे थ्रेडच्या रजिस्टरमध्ये ठेवतात. मग शेअर्ड मेमरीतून चार वाचनं आणि तिथे एक लेखन उरतं, 20 बाइट होतात, आणि हे छत 7.8 टेराफ्लॉपपर्यंत वर सरकतं.